ओपीटीसाठी प्रीमियम प्रोसेसिंग: पैसे भरल्यावर काय लवकर होतं आणि काय होत नाही

अमेरिकेत एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्यांचं शेवटचं सेमिस्टर सुरू झालं की ओपीटीच्या, म्हणजे शिक्षणानंतर आपल्या विषयात काही काळ काम करायच्या परवानगीच्या, अर्जाची गडबड सुरू होते. ऑनलाइन अर्ज भरताना किंवा भरून झाल्यावर प्रीमियम प्रोसेसिंगचा पर्याय समोर येतो आणि त्याची फी बघून छातीत धस्स होतं. मूळ अर्ज, म्हणजे फॉर्म I-765, ऑनलाइन भरला तर ४७० डॉलरला पडतो. त्यावर प्रीमियमची विनंती, म्हणजे फॉर्म I-907, हवी असेल तर १ मार्च २०२६ पासून आणखी १,७८० डॉलर मोजावे लागतात. त्याआधी ही रक्कम १,६८५ होती. शिक्षण संपत आलेल्या आणि पहिला पगार अजून न पाहिलेल्या मुलामुलींसाठी ही रक्कम लहान नाही. म्हणून ती भरण्याआधी तिच्या बदल्यात काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे नीट पाहून घ्या.

इथे मी फक्त ओपीटीबद्दल लिहिते आहे. एच-१बी किंवा ग्रीन कार्डच्या अर्जांना हीच सोय वेगळ्या फीला आणि वेगळ्या मुदतीत मिळते. त्यामुळे ऑफिसमधल्या सहकाऱ्याने सांगितलेले 'पंधरा दिवस' तुमच्या अर्जाला लागू होत नाहीत. तुमचा आकडा तीसचा आहे.

तुम्ही नेमकं काय विकत घेता

ओपीटीच्या I-765 वर प्रीमियम घेतलं की यूएससीआयएस, म्हणजे हे अर्ज तपासणारी अमेरिकेची सरकारी संस्था, एकच वचन देते: तीस कामकाजाच्या दिवसांत तुमच्या अर्जावर काहीतरी कारवाई होईल. ही कारवाई मंजुरी असू शकते, नामंजुरी असू शकते, आणखी कागद मागणारं पत्र असू शकतं, किंवा नामंजूर करण्याचा इरादा कळवणारी नोटीस असू शकते. अर्जात खोटेपणाचा संशय आला तर चौकशी सुरू करणं हीसुद्धा कारवाईच धरतात. यातलं काहीही मुदतीत झालं की वचन पाळलं गेलं आणि तुमचे पैसे वसूल झाले, असा हिशेब आहे.

म्हणजे हे पैसे मंजुरीसाठी नसतात, फाईल अधिकाऱ्याच्या टेबलावर लवकर यावी यासाठी असतात. अधिकारी नियम तेच लावतो, कागद तेच तपासतो. प्रीमियम घेतलं म्हणून कमकुवत अर्ज तरत नाही आणि घेतलं नाही म्हणून चांगला अर्ज बुडत नाही.

'कामकाजाचे दिवस' हे शब्दही नीट वाचा. शनिवार-रविवार धरायचे नाहीत, केंद्र सरकारच्या सुट्ट्या धरायच्या नाहीत, आणि हवामानामुळे सरकारी कार्यालयं बंद राहिली तर तेही दिवस वगळले जातात. तीस कामकाजाचे दिवस म्हणजे कॅलेंडरवर सहा आठवडे किंवा त्याहून थोडे जास्त. बरेचदा निर्णय त्याआधीच येतो, आणि ओळखीतल्या कुणाला दोन आठवड्यांत मंजुरी मिळाल्याचं तुम्ही ऐकलंही असेल. पण नोकरीची तारीख ठरवताना त्या ओळखीच्या माणसाचा अनुभव धरून चालू नका. लेखी वचन तीस दिवसांचं आहे, तेवढेच धरा.

पहिली पायरी: तुमच्या तारखा एका कागदावर लिहा

पैसे भरावेत की नाही याचं उत्तर तुमच्या चार-पाच तारखांमध्ये असतं. विद्यापीठाने दिलेल्या I-20 या कागदावर छापलेली प्रोग्राम एंड डेट काढा. ओपीटीचा अर्ज या तारखेच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. त्याआधी तुमच्या डीएसओने, म्हणजे विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातल्या अधिकाऱ्याने, सेविस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत ओपीटीची शिफारस नोंदवून नवा I-20 द्यायला हवा. ती शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांच्या आत तुमचा I-765 यूएससीआयएसकडे पोचला पाहिजे.

या ३० दिवसांकडे दुर्लक्ष होतं आणि त्याची किंमत मोठी असते. डीएसओने शिफारस केली, मुलगा परीक्षेत गुंतला, मग फोटो काढायचा राहिला, आणि अर्ज बत्तिसाव्या दिवशी गेला. अशा अर्जाला प्रीमियम लावलं तर नामंजुरी लवकर हाती पडते, इतकंच. दोन्ही फी जातात, कारण नामंजुरी हीसुद्धा कारवाई आहे.

मात्र याच उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. प्रोग्राम संपून ६० दिवस झाले नसतील आणि नामंजुरी लवकर कळली, तर डीएसओकडून नवी शिफारस घेऊन, नवी फी भरून पुन्हा अर्ज करायला वेळ उरतो. साध्या रांगेत तीच नामंजुरी अडीच महिन्यांनी आली तर दार बंद झालेलं असतं. प्रीमियमचा हा फायदा फारसा कुणी सांगत नाही, पण आपल्या कागदांत काही कच्चं आहे अशी शंका असेल तर तो खरा आहे.

दुसरी पायरी: नोकरीच्या तारखेपासून मागे मोजा

आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. समजा एका विद्यार्थिनीची प्रोग्राम एंड डेट १५ मे २०२६ आहे. ९० दिवस मागे गेलं की १४ फेब्रुवारी येते, म्हणजे तेव्हापासून ती अर्ज करू शकते. ६० दिवस पुढे गेलं की १४ जुलै, ही शेवटची तारीख. तिला नोकरीची ऑफर आहे आणि रुजू व्हायचं आहे सोमवारी, १५ जूनला.

तिने I-765 भरला २० एप्रिलला, साध्या रांगेत. दोन आठवडे काहीच हालचाल दिसली नाही, म्हणून घाबरून ४ मे रोजी प्रीमियमची विनंती केली. आता मोजू. ५ मेपासून दिवस धरले तर १५ मेपर्यंत ९ होतात, २२ मेपर्यंत १४. सोमवारी, २५ मेला मेमोरियल डेची सुट्टी आहे, तो दिवस गेला. २९ मेपर्यंत १८, ५ जूनपर्यंत २३, १२ जूनपर्यंत २८. तिसावा दिवस येतो १६ जूनला. म्हणजे १,७८० डॉलर भरूनही वचनाची मुदत तिच्या रुजू होण्याच्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी संपते, आणि कामाच्या परवान्याचं कार्ड, म्हणजे ईएडी, छापून टपालाने येणं तर अजून बाकीच आहे.

तिने २० एप्रिललाच दोन्ही फॉर्म एकत्र भरले असते तर तिसावा दिवस २ जूनला आला असता. मग कार्डाला तेरा दिवस मिळाले असते. जमलं असतं कदाचित, पण श्वास रोखून.

तिला निश्चिंत राहायचं असेल तर मागून मोजायला हवं. १५ जूनला रुजू व्हायचं, कार्डाच्या छपाईला आणि टपालाला तीन आठवडे सोडायचे, म्हणजे निर्णय २२ मेपर्यंत हवा. २२ मे हा तिसावा दिवस धरून मागे गेलं तर पहिला दिवस १३ एप्रिल येतो. प्रीमियमची विनंती त्यामुळे शुक्रवारी, १० एप्रिलपर्यंत गेलेली हवी.

हे गणित तुमच्या तारखा टाकून स्वतः करून बघा, कागदावर, सुट्ट्या खोडून. जूनमध्ये १९ तारखेला जूनटीन्थची सुट्टी येते आणि जुलैच्या सुरुवातीला स्वातंत्र्यदिनाची, त्याही विसरू नका. आणि जिला १४ फेब्रुवारीपासून अर्ज करता येत होता, तिने फेब्रुवारीतच साधा अर्ज टाकला असता तर तिच्या हातात जूनपर्यंत चार महिने होते. लवकर केलेला साधा अर्ज फुकटात जो वेळ देतो, तोच उशिरा अर्ज करणारा १,७८० डॉलरला विकत घेतो, आणि तोही अपुरा.

तिसरी पायरी: स्टार्ट डेट ठरवा, मगच घाई करा

ओपीटीची सुरुवात कधी हवी ती तारीख तुम्ही स्वतः निवडता. ती प्रोग्राम संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ६० दिवसांच्या आतली असावी लागते. वरच्या उदाहरणात ती १६ मे ते १४ जुलै या दरम्यान कुठेही असू शकते. अर्ज या तारखेआधी मंजूर झाला तर कार्डावर तुमची मागितलेली तारीख छापली जाते. मंजुरी त्या तारखेनंतर आली तर सुरुवात मंजुरीच्या दिवसापासून धरतात.

इथे घाई नुकसान करू शकते. ओपीटीच्या काळात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, आणि हे दिवस कार्डावरच्या सुरुवातीच्या तारखेपासून मोजले जातात. हातात ऑफर नसताना कुणी १६ मे ही तारीख मागितली आणि प्रीमियम घेऊन ती पक्की केली, तर १६ मेपासून एकेक दिवस खर्ची पडायला लागतो. साध्या रांगेत असता आणि मंजुरी जूनअखेर आली असती, तर सुरुवात तेव्हापासून झाली असती आणि मधले सहा आठवडे वाचले असते. शिवाय अर्ज मंजूर होण्याआधी तारीख बदलायची असेल तर डीएसओशी बोलून प्रयत्न करता येतो. मंजुरीनंतर ती तारीख बदलत नाही. प्रीमियम घेतलं की विचार बदलायची ही फटही लवकर बंद होते.

ज्यांच्याकडे अजून नोकरी नाही त्यांना माझं सांगणं स्पष्ट आहे: स्टार्ट डेट शक्य तितकी पुढची घ्या आणि प्रीमियमचे पैसे खिशातच ठेवा.

उलट टोकाला एक परिस्थिती अशी आहे जिथे उशीर खरोखर महाग पडतो. पदवीनंतरची ओपीटी बारा महिन्यांची असली तरी ती प्रोग्राम संपल्यापासून चौदा महिन्यांच्या आत पूर्ण व्हावी लागते. १५ मे २०२६ ला प्रोग्राम संपला असेल तर जुलै २०२७ च्या मध्याला ती संपणारच. कुणी अर्ज अगदी शेवटी, जुलैमध्ये केला आणि मंजुरी सप्टेंबरच्या मध्याला आली, तर बारा महिन्यांऐवजी दहाच महिने मिळतात. गेलेले दोन महिने कुणी परत देत नाही. जूनअखेरीस किंवा जुलैमध्ये अर्ज करणाऱ्याने प्रीमियमचा विचार नक्की करावा. तिथे १,७८० डॉलर विरुद्ध काही आठवड्यांचा पगार असा सरळ हिशेब मांडता येतो.

चौथी पायरी: अर्ज भरताना

यूएससीआयएसच्या ऑनलाइन खात्यातून I-765 भरताना पदवीनंतरच्या ओपीटीसाठी `(c)(3)(B)` ही कॅटेगरी निवडायची. स्टेम एक्स्टेन्शनची, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीधरांना मिळणाऱ्या ओपीटीच्या मुदतवाढीची, `(c)(3)(C)` वेगळी आहे. चुकीची निवडली तर प्रीमियममधला अधिकारी ती चूक फक्त लवकर पकडेल.

I-907 तुम्ही I-765 बरोबरच भरू शकता, किंवा आधी I-765 भरून पावती क्रमांक मिळाल्यावर नंतर जोडू शकता. ऑनलाइन अर्जांचा हा क्रमांक `IOE` ने सुरू होतो. विनंती तुम्ही स्वतः किंवा तुमचा वकील करू शकतो. कंपनीची सही इथे लागत नाही, एच-१बीसारखं ते प्रकरण नाही. दोन फॉर्मच्या दोन वेगळ्या फी भरायच्या आणि दोन वेगळ्या पावत्या मिळतात. तीस दिवसांचा काटा I-907 योग्य रीतीने दाखल झाल्यापासून फिरतो, I-765 च्या तारखेपासून नाही. आधी थांबलेले आठवडे या तिसांत धरले जात नाहीत. फीचा आकडा भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या फी शेड्यूलवर, म्हणजे फॉर्म G-1055 वर, पाहून घ्या.

दोन्ही एकत्र भरावे की नंतर जोडावं? तुमचं मागे मोजायचं गणित सांगत असेल की वेळ आहे, तर आधी साधा अर्ज टाका आणि कागदावर एक तारीख लिहून ठेवा: 'या दिवसापर्यंत मंजुरी नाही आली तर I-907.' वरच्या विद्यार्थिनीसाठी ती तारीख १० एप्रिल होती. प्रीमियम नंतर जोडता येतं, पण गेलेले आठवडे परत जोडता येत नाहीत, म्हणून ही तारीख मनात नको, भिंतीवरच्या कॅलेंडरवर हवी.

पाचवी पायरी: काटा थांबतो कशाने

अधिकाऱ्याला एखादा कागद कमी वाटला तर तो पुरावा मागणारं पत्र पाठवतो. याला सगळे आरएफई म्हणतात. आरएफई निघाला की तीस दिवसांचा काटा थांबतो. तुमचं उत्तर त्यांच्याकडे पोचल्यावर तो जिथे थांबला होता तिथून पुढे जात नाही, नव्याने तीस दिवस सुरू होतात. एकोणतिसाव्या दिवशी आरएफई आला आणि उत्तराला तुम्ही दहा दिवस लावले, तर सगळं मिळून कॅलेंडरवरचे तीन महिने सहज जातात, आणि यूएससीआयएसने आपलं वचन तरीही पाळलेलं असतं.

म्हणून प्रीमियमचे पैसे वाया जाऊ नयेत यासाठी सगळ्यात जास्त मेहनत कागदांवर घ्यावी लागते. आरएफई येतो तो बहुतेक साध्या गोष्टींवरून. नवा I-20 अपलोड केला पण त्यावर स्वतःची सही करायची राहिली. जुना, ओपीटीची शिफारस नसलेला I-20 अपलोड झाला. शिफारस I-20 च्या दुसऱ्या पानावर असते आणि स्कॅन करताना फक्त पहिलं पान गेलं. फोटो मोबाईलवर भिंतीसमोर काढलेला, सावली पडलेला. पासपोर्टवरचं नाव आणि I-20 वरचं नाव जुळत नाही, आणि आपल्याकडे वडिलांचं नाव मधे घालायची पद्धत असल्यामुळे हे वारंवार होतं. आधी सीपीटी, म्हणजे शिकत असतानाचं अभ्यासक्रमाशी जोडलेलं काम, केलं असेल तर त्याचे I-20 जोडायचे राहिले.

अपलोड झाल्यावर प्रत्येक फाईल उघडून बघा. मी मुलांना सांगते की पाठवायच्या आधी मित्राला शेजारी बसवा आणि त्याला एकेक पान मोठ्याने वाचायला लावा: नाव, जन्मतारीख, प्रोग्रामची तारीख, सही. स्वतःचं लिहिलेलं वाचताना डोळा चूक गिळून टाकतो.

सहावी पायरी: मंजुरी आली, कार्ड कुठे आहे?

दरवर्षी याच टप्प्यावर फोन येतात. "ताई, प्रीमियमचे पैसे भरले, मंजुरीही आली, मग कंपनी अजून थांबा का म्हणते?" कारण प्रीमियम निर्णयापाशी संपतं. त्यापुढची छपाई आणि टपाल सगळ्यांच्या रांगेतूनच जातं.

ऑनलाइन खात्यात आधी `Case Was Approved` दिसतं, मग कार्ड तयार होत असल्याची ओळ, मग ते टपालात पडल्याची, आणि शेवटी यूएसपीएसचा ट्रॅकिंग नंबर. मंजुरीपासून कार्ड हातात पडेपर्यंत कधी आठवडा लागतो, कधी दोन-तीन. काम सुरू करायला मंजुरीची ओळ पुरत नाही. ईएडी कार्ड हातात हवं आणि त्यावरची सुरुवातीची तारीख उजाडलेली हवी. कामाची परवानगी तपासण्याच्या I-9 फॉर्मसाठी कंपनी कार्डच मागते, मंजुरीचा स्क्रीनशॉट दाखवून भागत नाही.

आणि इथेच पत्त्याचा घोळ होतो. मे-जून म्हणजे विद्यापीठाजवळची खोली सोडायचा काळ. अर्जावर जुना पत्ता, तुम्ही दुसऱ्या शहरात मित्राच्या सोफ्यावर, आणि कार्ड रिकाम्या खोलीच्या पेटीत. टपाल खात्याकडे पत्ता वळवायची विनंती दिली असली तरी यूएससीआयएसची अशी पाकिटं पुढे पाठवली जात नाहीत, ती परत जातात. परत गेलेलं कार्ड पुन्हा मागवण्यात पुन्हा काही आठवडे जातात, आणि ते हरवलंच तर नव्या I-765 ची वेळ येते. या कशालाही प्रीमियमची मुदत लागू नाही.

म्हणून अर्ज भरतानाच असा पत्ता द्या जो पुढचे तीन-चार महिने बदलणार नाही. मित्राच्या घरचा देत असाल तर अर्जातल्या 'in care of' च्या रकान्यात त्याचं नाव लिहा आणि त्याच्या पेटीवर तुमच्या नावाची चिठ्ठी लावायला सांगा. मधेच जागा बदललीच तर दहा दिवसांच्या आत यूएससीआयएसच्या ऑनलाइन खात्यात पत्ता बदला आणि डीएसओलाही कळवा. या दोन वेगळ्या नोंदी आहेत, एक केली म्हणून दुसरी होत नाही.

सोशल सिक्युरिटी नंबर अजून नसेल तर तो I-765 मध्येच मागता येतो, पण ते कार्ड वेगळ्या खात्याकडून, वेगळ्या पाकिटातून, ईएडीनंतर येतं. नंबर यायचा आहे म्हणून काम थांबवायची गरज नसते, हे कंपनीच्या एचआरला कधीकधी आपणच सांगावं लागतं.

कुणी पैसे वाचवावेत

स्टेम एक्स्टेन्शनचा अर्ज जुनं कार्ड संपण्याआधी वेळेत केला असेल, तर तो प्रलंबित असताना १८० दिवसांपर्यंत काम चालू ठेवता येतं. कंपनीला पावती आणि I-20 दाखवलं की पुरतं. काम थांबत नसेल तर प्रीमियम कशासाठी? ड्रायव्हिंग लायसन्सचं नूतनीकरण अडलं असेल किंवा कंपनी अडून बसली असेल, तर गोष्ट वेगळी.

भारतात जायचा बेत असेल तर आणखी सावध राहा. पदवीनंतरचा अर्ज प्रलंबित असताना बाहेर जाऊन परत येता येतं, पण अर्ज मंजूर झाल्यावर परत येताना ईएडी आणि नोकरीचा पुरावा सोबत असणं अपेक्षित असतं. प्रीमियम घेऊन तुम्ही विमानात बसलात, मंजुरी तुम्ही घरी असताना आली आणि कार्ड अमेरिकेतल्या पेटीत पडलं, तर ते विश्वासू माणसाकडून कुरियरने मागवत बसावं लागतं. जायचंच असेल तर आधी डीएसओकडून I-20 वर प्रवासाची सही घ्या, ती सहा महिन्यांच्या आतली हवी, आणि तारखांचा क्रम त्यांच्याशी बोलून ठरवा. व्हिसाचा शिक्का संपला असेल तर दूतावासातली अपॉइंटमेंट आणि तिथली तपासणी हे आणखी वेगळं प्रकरण आहे. I-907 चा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

'आर्थिक नुकसान होतंय, लवकर करा' अशी फुकटातली तातडीची विनंती करून बघू का, असंही विचारलं जातं. ज्या अर्जाला प्रीमियमची सोय उपलब्ध आहे, त्याच्यासाठी अशी विनंती यूएससीआयएस सहसा विचारात घेत नाही, ना-नफा संस्थांच्या काही प्रकरणांचा अपवाद सोडून. त्यात आठवडे घालवू नका.

तिसावा दिवस उलटला तर

मुदतीत कुठलीच कारवाई झाली नाही तर I-907 ची फी परत मिळते आणि अर्जावरचं काम चालू राहतं. I-765 चे ४७० डॉलर परत मिळत नाहीत. खोटेपणाच्या संशयावरून चौकशी सुरू झाली असेल तर मात्र प्रीमियमचे पैसेही ठेवून घेतले जाऊ शकतात.

पण आधी आपली मोजणी तपासा: I-907 च्या पावतीवरची तारीख, मधल्या सुट्ट्या, आणि ऑनलाइन खात्याच्या कागदपत्रांच्या विभागात न वाचलेला आरएफई पडलेला नाही ना. ईमेलची सूचना स्पॅममध्ये गेलेली असते आणि माणूस इकडे दिवस मोजत बसतो. सगळं बरोबर असेल तर खात्यातूनच संदेश पाठवा, दोन्ही पावती क्रमांक लिहा आणि तिसावा दिवस कोणता होता ते तारखेसह सांगा. त्याच दिवशी एचआरलाही रुजू होण्याची तारीख पुढे नेता येईल का ते विचारा. कंपन्यांना या अडचणी माहीत असतात, आणि दोन आठवडे आधी विचारलं तर बरेचदा तारीख सरकते.